रिटेन्शनचं पत्र : आधी तारीख, मग कलम, मग मागणी

प्रश्न : नमस्कार साहेब. मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीचं बाहेरचं प्लास्टर, रंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग आम्ही केलं. काम जवळजवळ पूर्ण झाल्याचं व्हर्च्युअल कंप्लिशन सर्टिफिकेट 18 जून 2024 ला मिळालं. दोष दुरुस्त करून द्यायचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे डीएलपी, संपून सहा महिने झाले, तरी बिलांतून कापून ठेवलेल्या रिटेन्शनचे उरलेले 2,16,000 रुपये सोसायटी सोडत नाही. पत्राचा मसुदा आणि करारातली पानं जोडली आहेत. कलमं घालून पत्र वजनदार करून द्याल का?

उत्तर : नमस्कार. मसुदा वाचला, करारातली पानं दोनदा वाचली. भाषा सुधारणं सोपं आहे, पण हे पत्र अडेल ते भाषेमुळे नाही, तारखेमुळे. तुमच्या मसुद्यात लिहिलंय, 'दोषदायित्व कालावधी दि. 17 जून 2025 रोजी संपुष्टात आला आहे.' करार असं म्हणत नाही.

कलम 16.1 पुन्हा वाचा. कालावधी बारा महिने 'किंवा एक पूर्ण पावसाळा, यांपैकी जे नंतर संपेल ते', आणि पावसाळा म्हणजे 1 जून ते 30 सप्टेंबर अशी व्याख्या तिथेच दिलेली आहे. मुंबईतल्या बाहेरच्या दुरुस्तीच्या करारांत ही ओळ बऱ्याचदा सापडते आणि ती योग्यच आहे, कारण प्लास्टरची खरी परीक्षा पावसातच होते. तुमचं सर्टिफिकेट 18 जूनचं आहे. म्हणजे 2024 चा पावसाळा तेव्हा सुरू झालेला होता, तो 'पूर्ण' धरता येत नाही. पहिला पूर्ण पावसाळा 2025 चा. तो 30 सप्टेंबर 2025 ला संपला आणि तुमची डीएलपीही त्याच दिवशी संपली. सर्टिफिकेट मे अखेरीस मिळालं असतं तर 2024 चाच पावसाळा धरला गेला असता आणि डीएलपी मे 2025 मध्ये सुटली असती. जूनमध्ये काम संपवणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराने हे ध्यानात ठेवावं.

जून लिहून पाठवलं असतं तर काय झालं असतं? सोसायटीच्या कन्सल्टंटने दोन ओळींचं उत्तर दिलं असतं की तारीख चुकीची आहे, सबब मागणी अवेळी आहे. सोसायटीच्या फाइलला ते उत्तर लागलं की पुढचे दोन-तीन महिने तेच दाखवलं जातं. खरी तारीख लिहिली तरी तुमचं काही जात नाही, 30 सप्टेंबर उलटून गेलाच आहे.

उलट फायदाच होतो, आणि तो 703 नंबरच्या फ्लॅटमुळे. 22 जुलै 2025 च्या ई-मेलने सोसायटीने बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर ओल आल्याचं कळवलं, तुम्ही 14 ऑगस्टला तेवढा भाग फोडून पुन्हा प्लास्टर आणि रंग करून दिला, सुपरवायझरने सचिवांची सहीही घेतली. मसुद्यात मात्र तुम्ही लिहिलंय, 'डीएलपी संपलेली असतानाही आम्ही सौजन्य म्हणून सदर काम करून दिले.' हे वाक्य काढा. जुलैत डीएलपी चालू होती. कलम 16.3 म्हणतं की लेखी कळवलेला दोष तीस दिवसांत दूर करावा, आणि तुम्ही तो तेविसाव्या दिवशी केला. हे सौजन्य नाही, कराराचं पालन आहे. पत्रात पालनाला किंमत असते. सौजन्याला नसते, शिवाय सौजन्य लिहिलं की 'मग आणखी दोन फ्लॅटचंही करून द्या' असा फोन येतो.

पण त्याच दुरुस्तीला एक शेपूट आहे. कलम 16.5 प्रमाणे दुरुस्त केलेल्या भागाची जबाबदारी दुरुस्तीच्या तारखेपासून सहा महिने, म्हणजे 13 फेब्रुवारी 2026 पर्यंत तुमच्याकडे राहते. कन्सल्टंट जर बारकाईने वाचणारा असेल तर तो हेच कलम काढेल आणि म्हणेल, जबाबदारी संपलेली नाही, फेब्रुवारीपर्यंत थांबा. तुमची बाजू अशी की कलम 14.4 मध्ये रक्कम सोडायची अट '16.1 मधील कालावधी संपल्यावर' अशी आहे, 16.5 चा तिथे उल्लेख नाही. बाजू भक्कम आहे. तरीही माझं मत असं की हा वाद होऊच देऊ नये. तो भाग 80 चौरस फुटांचा आहे. करारातल्याच दराने प्लास्टर 140 आणि रंग 30 धरला तर सगळं पुन्हा करायला 13,600 रुपये लागतात. पत्रातच लिहा, हवं तर तेवढे 13,600 फेब्रुवारीपर्यंत ठेवा, बाकीचे 2,02,400 आता द्या. काही कंत्राटदार हा पर्याय दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवतात. मी पहिल्याच पत्रात घालतो, कारण मग समोरच्याकडे अख्खी रक्कम अडवायला कारण उरत नाही. फिडिक या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बांधकाम कराराच्या नमुन्यात, 1999 च्या लाल पुस्तकात, कलम 14.9 मध्ये हेच तत्त्व आहे : काही काम शिल्लक असेल तर त्या कामाच्या अंदाजित खर्चाइतकीच रक्कम रोखता येते. मात्र फिडिकचं नाव पत्रात घेऊ नका. तुमचा करार फिडिकचा नाही, आणि करारात नसलेलं कलम उद्धृत केलं की असलेल्या कलमांचाही भाव उतरतो.

आता 14.4 मधली ती अट, जी तुमच्या मसुद्यात कुठेच नाही. उरलेली अर्धी रक्कम 'कन्सल्टंटच्या प्रमाणपत्रावरून तीस दिवसांत' द्यायची आहे. तुम्ही पत्र फक्त सोसायटीला लिहिलंय. सचिव प्रामाणिकपणे म्हणू शकतात की कन्सल्टंटचं पत्र आलं नाही, आम्ही चेक कसा काढू? कमिटी बदललेली असेल तर नवीन मंडळी कागदाशिवाय सही करणारच नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून आधी कन्सल्टंटला एक पानाचं वेगळं पत्र द्या : संयुक्त पाहणी करा आणि 14.4 प्रमाणे प्रमाणपत्र द्या, आम्ही अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता साइटवर हजर राहू. तारीख तुम्हीच सुचवायची. 'आपल्या सोयीने' असं लिहिलं की ती सोय येत नाही. सोसायटीच्या पत्रात या पत्राचा उल्लेख करा, म्हणजे प्रमाणपत्र उशिरा आलं तर तो उशीर तुमचा नाही हे फाइलवर राहील.

पाहणीला रिकाम्या हाताने जाऊ नका. एखादा सभासद नवीन ओल दाखवणारच. डिसेंबरमध्ये ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. बाहेरच्या भिंतीतून आलेली ओल पावसात वाढते आणि पाऊस थांबला की हळूहळू सुकत जाते. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी डाग ओला लागत असेल किंवा वाढत असेल, तर पाणी वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून किंवा भिंतीतल्या लाइनीतून येतंय. ते तुमच्या कामात नव्हतं. मॉइश्चर मीटर न्या, डागाचे आणि शेजारच्या कोरड्या भिंतीचे आकडे घ्या, तारखेसकट फोटो काढा आणि पाहणीच्या टिपणावर कन्सल्टंटची सही घ्या. खरंच तुमच्या प्लास्टरमध्ये भेग असेल तर वाद घालू नका, भरून द्या आणि तेही टिपणात लिहून घ्या.

गच्चीचा प्रश्नही तिथेच निघेल. दहा वर्षांची वॉटरप्रूफिंग गॅरंटी तुम्ही स्टॅम्प पेपरवर वेगळी दिलेली आहे. रिटेन्शन हे त्या गॅरंटीचं तारण आहे असं करारात कुठेही म्हटलेलं नाही. 'दहा वर्षं गॅरंटी आहे ना, मग पैसे इतक्यात कसे मागता' असं कुणी म्हणालं तर तोंडी वाद घालण्यापेक्षा पत्रातच एक वाक्य घाला की गॅरंटी स्वतंत्र आहे आणि ती चालूच राहील.

मसुद्यातून आणखी तीन गोष्टी मी काढल्या. 'अत्यंत मेहनतीने व प्रामाणिकपणे काम केले' हा पहिला परिच्छेद पूर्ण गेला. ते खरं असेल, पण पैसे त्यावरून देय होत नाहीत. जादा कामाच्या 94,500 रुपयांची मागणी काढली. ती रक्कम वादातली आहे, कन्सल्टंटने अजून मोजमाप मान्य केलेलं नाही. वादातला आकडा बिनवादातल्या आकड्याशेजारी ठेवला की दोन्ही वादात जातात. त्यासाठी वेगळं पत्र लिहा, आणि या पत्रात 'हीच आमची अंतिम मागणी' किंवा 'फुल अँड फायनल' असे शब्द चुकूनही येऊ देऊ नका, नाहीतर ते 94,500 तुम्हीच सोडून दिल्यासारखं होईल.

तिसरी गोष्ट 24 टक्के व्याजाची. करारात व्याजाचं कलमच नाही, मग 24 आला कुठून, असं समोरचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल. पण व्याज सोडून देण्याचंही कारण नाही. व्याज अधिनियम 1978 च्या कलम 3 नुसार, व्याज मागितलं जाईल अशी लेखी नोटीस दिली असेल तर त्या नोटिशीत लिहिलेल्या तारखेपासून कोर्टाला किंवा लवादाला व्याज देता येतं. दर तुम्ही ठरवायचा नाही, पण तारीख आणि मागणी लेखी असली पाहिजे. मसुद्यातल्या धमकीपेक्षा ही एक ओळ जास्त कामाची आहे.

हिशोब जोडपत्रात द्या, पत्रात नको. काम चालू असताना दिलेली तीन आर.ए. बिलं आणि फायनल बिल मिळून 86,40,000, त्यावर 5 टक्के म्हणजे 4,32,000 कापले, अर्धे जुलै 2024 मध्ये मिळाले, अर्धे शिल्लक. प्रत्येक बिलाची मूळ रक्कम आणि त्यातून कापलेली रक्कम समोरासमोर असली की खजिनदाराला पडताळून बघता येतं. पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः तपासा. जीएसटी तुम्ही फायनल बिलात पूर्ण रकमेवर लावून भरला असेल तर रिटेन्शनसाठी पुन्हा टॅक्स इन्व्हॉइस काढायचं नाही. आणि टीडीएस पूर्ण बिलावर तेव्हाच कापला गेला होता का, ते फॉर्म 26एएस मध्ये बघा. कापला असेल तर आता या 2,16,000 वर परत कापू देऊ नका. हे जोडपत्रात एका ओळीत नोंदवा.

सोसायटीच्या मागच्या वर्षीच्या ताळेबंदाची प्रत एखाद्या सभासदाकडे मिळाली तर जरूर घ्या. देणी बाजूला तुमच्या नावे रिटेन्शन दाखवलेलं असेल तर सोसायटीने स्वतःच ही रक्कम देणं म्हणून धरल्याचा तो कागद आहे. पत्रात त्याचा उल्लेख आत्ता करू नका, फाइलला असू द्या.

पत्र मी असं लिहीन :

दिनांक : ____ डिसेंबर 2025

प्रति,
मा. सचिव,
____ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
मुलुंड (पूर्व), मुंबई.

विषय : करारातील कलम 14.4 नुसार रिटेन्शनची उर्वरित रक्कम रु. 2,16,000 मिळण्याबाबत.

संदर्भ : 1) दि. ____ चा करार. 2) व्हर्च्युअल कंप्लिशन सर्टिफिकेट, दि. 18 जून 2024. 3) आपला ई-मेल, दि. 22 जुलै 2025. 4) दुरुस्ती पूर्ण झाल्याची पोच, दि. 14 ऑगस्ट 2025. 5) कन्सल्टंट यांना दिलेले आमचे आजचे पत्र.

महोदय,

कलम 14.1 नुसार आमच्या बिलांतून एकूण रु. 4,32,000 रिटेन्शन म्हणून कापण्यात आले. कलम 14.3 नुसार त्यातील निम्मी रक्कम आम्हाला जुलै 2024 मध्ये मिळाली. उर्वरित रु. 2,16,000 आपल्याकडे शिल्लक आहेत. तपशील जोडपत्र 'अ' मध्ये दिला आहे.

कलम 16.1 नुसार दोषदायित्व कालावधी बारा महिने किंवा एक पूर्ण पावसाळा, यांपैकी जे नंतर संपेल तोपर्यंत होता. संदर्भ 2 च्या सर्टिफिकेटनंतरचा पहिला पूर्ण पावसाळा दि. 30 सप्टेंबर 2025 रोजी संपला असून त्याच दिवशी हा कालावधी संपला आहे.

या कालावधीत आपल्याकडून एक दोष लेखी कळवण्यात आला (संदर्भ 3, फ्लॅट क्र. 703). तो कलम 16.3 मधील मुदतीत दूर करण्यात आला व त्याची पोच आपण दिली आहे (संदर्भ 4). याखेरीज कोणताही दोष आम्हाला लेखी कळवण्यात आलेला नाही.

कलम 14.4 नुसार आवश्यक असलेल्या प्रमाणपत्रासाठी आम्ही कन्सल्टंट यांना स्वतंत्र पत्र दिले असून दि. ____ रोजी सकाळी 11 वाजता संयुक्त पाहणी सुचवली आहे. आपला प्रतिनिधी त्या वेळी उपस्थित ठेवावा.

कलम 16.5 नुसार फ्लॅट क्र. 703 येथील दुरुस्त भागाची जबाबदारी दि. 13 फेब्रुवारी 2026 पर्यंत आमच्याकडे आहे व ती आम्हाला मान्य आहे. त्या कारणास्तव संपूर्ण रक्कम रोखण्याची तरतूद करारात नाही. तथापि आपली इच्छा असल्यास त्या भागाच्या पुनर्कामाचा करारातील दराने होणारा खर्च रु. 13,600 त्या तारखेपर्यंत राखून ठेवून उर्वरित रु. 2,02,400 आता अदा करण्यास आमची हरकत नाही.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची गॅरंटी स्वतंत्र असून ती तशीच चालू राहील.

तरी वर सुचवलेल्या पाहणीच्या तारखेपासून 30 दिवसांत रक्कम अदा करावी. त्या मुदतीत रक्कम न मिळाल्यास मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून व्याज अधिनियम, 1978 च्या कलम 3 नुसार व्याजाची मागणी केली जाईल. हे पत्र त्यासाठीची लेखी नोटीस समजावी.

करारांतर्गत आमचे अन्य हक्क व मागण्या अबाधित राखून हे पत्र देत आहोत.

आपला विश्वासू,
(सही व शिक्का)

प्रत : कन्सल्टंट
सोबत : जोडपत्र 'अ', कलम 14.1 ते 14.4 व 16.1 ते 16.5 ची छायाप्रत. संदर्भ 2 ते 5 च्या प्रती.

करार इंग्रजीत आहे, म्हणून कलमांची छायाप्रत जोडणं टाळू नका. मराठीत सांगितलेला अर्थ आणि करारातले शब्द यांत फरक आहे असा फाटा कुणी फोडायला नको. 'याखेरीज कोणताही दोष लेखी कळवण्यात आलेला नाही' हे वाक्य सही करण्यापूर्वी स्वतः पडताळा. सुपरवायझरच्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपमधून कुणी फोटो टाकला असेल तर तो लेखी धरायचा की नाही, हे तुमच्या कलम 22 वर ठरेल. त्यात नोटीस पत्राने किंवा करारात दिलेल्या ई-मेल पत्त्यावर द्यायची आहे, म्हणजे ग्रुपवरचा मेसेज नोटीस होत नाही. तरीही असा मेसेज असेल तर तो मला आधी दाखवा, वाक्य त्याप्रमाणे बदलू.

पत्र सोसायटीच्या ऑफिसात हाताने द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या, आणि त्याच दिवशी पोचपावतीसह टपालानेही पाठवा. वॉचमनची सही चालवून घेऊ नका. कलम 22 मधल्या ई-मेलवर पीडीएफही टाका.

उत्तर बहुधा असं येईल : 'विषय जनरल बॉडीत ठेवू.' कराराने देय झालेली रक्कम सभेच्या मंजुरीवर अवलंबून आहे असं 14.4 म्हणत नाही. हे एका ओळीत, नम्रपणे, लेखी कळवा, पण सभेची तारीखही विचारून घ्या. पुष्कळ वेळा कमिटीला पैसे द्यायचे असतात, फक्त सभासदांच्या तोंडाला द्यायला कागद हवा असतो, आणि कन्सल्टंटचं प्रमाणपत्र हातात आलं की चेक निघतो.

30 दिवस गेले आणि उत्तरच आलं नाही, तर दुसरं विनंतीपत्र लिहू नका. करारात कलम 24 खाली लवाद आहे. लवाद व सलोखा अधिनियम 1996 च्या कलम 21 नुसार लवादाकडे जाण्याची तुमची मागणी समोरच्याला पोचते त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असं धरतात, आणि मुदतीचं घड्याळही तिथे थांबतं. मुदत तीन वर्षांची आहे. तुमच्या बाबतीत ती 30 ऑक्टोबर 2025 पासून, म्हणजे कालावधी संपल्यानंतरच्या तीस दिवसांपासून मोजणं सुरक्षित. नुसती पत्रं पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. सोसायटीने सही करून रक्कम देणं असल्याचं लेखी कबूल केलं, तरच मुदत कायद्याच्या कलम 18 खाली ती नव्याने सुरू होते, आणि तेही जुनी मुदत संपायच्या आत झालं तर. लवादाची नोटीस मात्र वकिलाकडून जाऊ द्या. पाहणीचं टिपण आणि पोचेची प्रत त्यांना पहिल्या भेटीतच द्या.